गेम विकत घ्यावा की लायब्ररीची वर्गणी भरावी?

‘गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक’ हा गेम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हा प्लेस्टेशन ५ साठी भारतात त्याची किंमत ४,९९९ रुपये होती. जानेवारी २०२५ मध्ये तोच गेम ‘प्लेस्टेशन प्लस एक्स्ट्रा’ या सबस्क्रिप्शनच्या लायब्ररीत दाखल झाला. तोवर एक्स्ट्राची महिन्याची वर्गणी होती ७४९ रुपये. म्हणजे सव्वीस महिने थांबलेल्या माणसाला एका महिन्याच्या ७४९ रुपयांत तो गेम पूर्ण खेळता आला, आणि त्या महिन्यात शेकडो इतर गेमही त्याच्यासाठी उघडे होते.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की निकाल लागल्यासारखा वाटतो. सबस्क्रिप्शनच्या जाहिरातीही असाच हिशेब मांडतात: लायब्ररीतल्या सगळ्या गेमांच्या मूळ किमतींची बेरीज एका बाजूला, महिन्याची छोटी रक्कम दुसऱ्या बाजूला. पण ही तुलना खरी नाही. त्या शेकडो गेमांपैकी बहुतेक तुम्ही कधीच घेतले नसते, आणि जे घेतले असते ते मूळ किमतीला घेतले नसते. मुलासाठी, स्वतःसाठी किंवा भावंडांसाठी घरात गेमिंगवर पैसे खर्च होत असतील, तर हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडायला हवा. तो मांडला की उत्तर माणसागणिक बदलते, आणि कधी कधी एकाच माणसासाठी वर्षागणिकही बदलते.

दोन व्यवहार, दोन वेगळ्या अटी

गेमची सबस्क्रिप्शन लायब्ररी म्हणजे वाचनालयाचीच पद्धत. वर्गणी भरलेली असेपर्यंत कपाटातले काहीही घेऊन वाचा. वर्गणी थांबली की कपाट बंद. यातल्या दोन सेवा भारतात सर्वांत परिचित आहेत. मायक्रोसॉफ्टचा ‘गेम पास’ २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि तो एक्सबॉक्स व संगणक या दोन्हींवर चालतो. सोनीची ‘प्लेस्टेशन प्लस’ त्याहून जुनी, २०१० ची. पण जून २०२२ मध्ये तिचे तीन स्तर झाले. भारतात त्यांची नावे आहेत इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. मोठी लायब्ररी मिळते ती एक्स्ट्रापासून पुढे. इसेन्शियलमध्ये मुख्यतः ऑनलाइन खेळण्याची परवानगी आणि दर महिन्याला मोजके गेम असतात.

विकत घेण्याचेही दोन प्रकार आहेत आणि पैशाच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. एक, डिजिटल खरेदी: स्टीम, प्लेस्टेशन स्टोअर यांसारख्या दुकानातून पैसे भरून गेम डाउनलोड करायचा. तो तुमच्या खात्याला जोडला जातो आणि पुढे विकता येत नाही. दुसरा, डिस्क: ती मित्राला देता येते, सेकंडहँड घेता येते, खेळून झाल्यावर विकता येते. कन्सोल घेताना डिस्क ड्राइव्ह नसलेले स्वस्त मॉडेल निवडले, तर हा दुसरा रस्ता तिथेच बंद होतो. हिशेबात याचे वजन किती आहे ते पुढे दिसेल.

हिशेबाची खरी किंमत कोणती?

प्रत्येक गेमच्या तीन किमती असतात. पहिली, बाजारात आला त्या दिवसाची. दुसरी, सेलमधली. तिसरी, तुम्ही स्वतः ज्या किमतीला तो खरोखर घेतला असता ती. तुलनेत फक्त तिसरी धरायची.

बहुतेक मोठ्या गेमांची किंमत पहिल्या वर्ष-दीड वर्षात सेलमध्ये बरीच खाली येते. स्टीमवर जूनच्या अखेरीस उन्हाळी आणि डिसेंबरच्या अखेरीस हिवाळी असे दोन मोठे सेल ठरलेलेच असतात, आणि प्लेस्टेशन स्टोअरवर वर्षभर काही ना काही सवलत चालू असते. रॅग्नारॉक एक्स्ट्राच्या लायब्ररीत आला तोवर सेलमध्ये तो मूळ किमतीच्या बराच खाली मिळत होता. म्हणून सव्वीस महिने थांबायला तयार असलेल्या माणसाने ७४९ ची तुलना ४,९९९ शी करणे चूक आहे. तो थांबणाराच असेल, तर विकत घेण्याच्या बाजूलाही थांबून मिळणारीच किंमत धरली पाहिजे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्याला गेम पहिल्या दिवशीच हवा असतो, कारण मित्रमंडळी त्याच आठवड्यात खेळणार असतात आणि कथेचा उलगडा दुसऱ्याकडून ऐकायचा नसतो. त्याने सेलची किंमत धरून उपयोग नाही. त्याच्यासाठी पूर्ण किंमत हीच खरी किंमत.

दुसरा आकडा वेळेचा. आठवड्याला चार तास खेळणाऱ्या माणसाच्या हाती वर्षाला सुमारे २०८ तास येतात. मांजराच्या नजरेतून खेळायचा ‘स्ट्रे’ हा गेम साधारण पाच तासांत संपतो. रॅग्नारॉकची मुख्य कथा पंचवीस तासांच्या आसपास जाते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ पन्नास तास मागतो आणि ‘पर्सोना ५ रॉयल’ शंभर. लायब्ररीत चारशे गेम असोत की आठशे, २०८ तासांत बसतील तेवढेच तुमचे. लांबलचक गेम आवडणाऱ्याच्या वर्षात तीन-चारच गेम मावतात, छोटे गेम आवडणाऱ्याच्या वर्षात पंधरा-वीस. लायब्ररीचा फायदा दुसऱ्याला जास्त. स्ट्रे जुलै २०२२ मध्ये आला तो पहिल्याच दिवसापासून एक्स्ट्राच्या लायब्ररीत होता. असे चार-पाच छोटे गेम ज्याला आवडतात, त्याची एका महिन्याची वर्गणी सहज वसूल होते.

एका वर्षाचा हिशेब

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण आहे. त्याच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि आठवड्याला तो चार तास खेळतो. येत्या वर्षात त्याला चार गेम खेळायचे आहेत: ‘रॅग्नारॉक’, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘एल्डन रिंग’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’. चारही मिळून १८० ते २०० तास, म्हणजे त्याचे वर्ष भरले. नवे गेम पहिल्या दिवशी घ्यायची त्याला घाई नाही. सेलमध्ये सरासरी २,५०० रुपयांना गेम मिळतो असे धरू. यातले पहिले दोन एक्स्ट्राच्या लायब्ररीत सापडतील आणि उरलेले दोन सापडणार नाहीत, असेही धरू.

वर्गणीचे आकडे सप्टेंबर २०२३ च्या दरवाढीनंतरचे घेऊ: एक्स्ट्रा वर्षाला ६,६९९ रुपये, महिन्याला ७४९, इसेन्शियल वर्षाला ३,९४९. आज तुम्ही वाचत असताना दर वेगळे असतील तर तेच गणित नव्या आकड्यांनी करा; रीत बदलत नाही.

चारही गेम डिजिटल विकत घेतले तर खर्च १०,००० रुपये.

वर्षाचे एक्स्ट्रा घेतले तर ६,६९९ रुपये, आणि लायब्ररीत नसलेल्या दोन गेमांचे ५,००० वेगळे. एकूण ११,६९९. म्हणजे लायब्ररी घेऊन त्याला १,६९९ रुपये जास्त पडले. हाच तो टप्पा, जिथे लोक हमखास फसतात. आपण लायब्ररीतले सगळे गेम मोजतो; मोजायचे असतात फक्त आपल्या यादीतले आणि लायब्ररीतले, दोन्हीकडे असलेले. ६,६९९ ला २,५०० ने भागले तर उत्तर येते २.७. म्हणजे यादीतले निदान तीन गेम लायब्ररीत असतील तरच वर्षाची वर्गणी वसूल होते. त्याच्या यादीतले तीन गेम लायब्ररीत असते तर त्याचा खर्च ९,१९९ झाला असता आणि आठशे रुपये वाचले असते.

पण त्याच्यापुढे तिसरा मार्ग आहे: महिन्याची वर्गणी. लायब्ररीतले दोन गेम मिळून सुमारे ५५ तासांचे आहेत. आठवड्याला चार तासांच्या वेगाने त्याला साडेतीन महिन्यांच्या आत-बाहेर लागतील. त्याने हे दोन गेम लागोपाठ खेळले, चार महिन्यांची वर्गणी भरली आणि मग ती थांबवली, तर २,९९६ रुपये. उरलेले दोन गेम विकत घेतले, त्याचे ५,०००. एकूण ७,९९६. विकत घेण्यापेक्षा दोन हजारांनी आणि वर्षाच्या वर्गणीपेक्षा ३,७०० रुपयांनी स्वस्त. गेम तेच, वेळ तितकाच. फक्त क्रम ठरवला.

वर्षाची वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसते, म्हणून लोक ती घेतात. तिथे एक साधी सीमारेषा आहे. ७४९ गुणिले आठ म्हणजे ५,९९२. गुणिले नऊ म्हणजे ६,७४१. म्हणजे वर्षातले नऊ महिने किंवा जास्त तुम्ही खरोखर लायब्ररीतले गेम खेळणार असाल, तरच वर्षाचा पर्याय परवडतो. आठ महिने किंवा कमी असतील, तर महिना-महिना घेणेच शहाणपणाचे. परीक्षेचे दोन महिने, गणपती, दिवाळी, लग्नसराई, ऑफिसचे वर्षअखेर हे सगळे वजा केले तर कितीतरी जणांचे नऊ महिने भरत नाहीत.

आणि चौथा मार्ग डिस्कचा. समजा, चारही गेम त्याला डिस्कवर २,५०० ला मिळाले आणि प्रत्येक गेम संपवून त्याने १,७०० ला विकला. प्रत्येक गेमचा खरा खर्च ८०० रुपये, चार गेमांचे ३,२००. हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. यात कष्ट आहेत: गिऱ्हाईक शोधावे लागते, डिस्कवर ओरखडे पडू द्यायचे नसतात, गेम महिनोन्‌महिने रेंगाळला तर विक्रीची किंमत घसरत जाते. प्रत्येक गेम डिस्कवर निघतोच असेही नाही. पण एक कथा असलेला, एकदाच खेळून संपणारा गेम आवडणाऱ्यासाठी आणि मोठ्या शहरात राहणाऱ्यासाठी हा मार्ग आजही सबस्क्रिप्शनला मागे टाकतो. म्हणूनच कन्सोल खरेदी करताना डिस्क ड्राइव्हवर वाचवलेले पैसे पुढे दोन-तीन वर्षांत जास्तीच्या खर्चाच्या रूपाने बाहेर पडू शकतात.

ऑनलाइन खेळणाऱ्याचे गणित वेगळे

आता याच तरुणाबद्दल एक गोष्ट बदलू. समजा, रविवारी रात्री तो मित्रांबरोबर फुटबॉलचा गेम ऑनलाइन खेळतो. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस लागते. ‘फोर्टनाइट’सारख्या मोफत गेमांना ती अट नाही, पण पैसे देऊन घेतलेल्या बहुतेक गेमांना आहे. म्हणजे त्याला इसेन्शियलचे ३,९४९ रुपये वर्षाला द्यावेच लागणार, लायब्ररी हवी असो वा नसो.

मग त्याच्यासाठी लायब्ररीची किंमत ६,६९९ राहत नाही. ती राहते एक्स्ट्रा आणि इसेन्शियल यांतला फरक, म्हणजे २,७५० रुपये. सेलमधल्या जेमतेम एका गेमची किंमत. विकत घेण्याच्या मार्गाने त्याचा वर्षाचा खर्च १०,००० अधिक ३,९४९, म्हणजे १३,९४९ होतो. एक्स्ट्रा घेऊन तो ११,६९९ होतो. यादीतले दोनच गेम लायब्ररीत असूनही आता त्याचे २,२५० रुपये वाचले. तोच माणूस, तेच चार गेम. रविवारच्या एका सवयीने उत्तर उलटले.

संगणकावर मात्र हे गणित लागू होत नाही. स्टीमवर घेतलेला गेम ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नसते. तिथे लायब्ररीला पूर्णपणे स्वतःच्या बळावर वसूल व्हावे लागते, आणि समोर स्टीमचे सेल उभे असतात. शिवाय एपिक गेम्स स्टोअर २०१८ पासून नियमितपणे गेम कायमचे मोफत देत आले आहे. मे २०२० मध्ये तर ‘जीटीए ५’ सुद्धा तसाच मिळाला. संगणकावर खेळणाऱ्या आणि थांबायची तयारी असलेल्या माणसाला विकत घेणे अनेकदा स्वस्त पडते, त्याचे कारण हेच.

स्टीमची आणखी एक सोय हिशेबात धरायला हवी. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळतात. म्हणजे गेम आवडतो की नाही ते पाहण्यासाठी वर्गणी भरण्याची गरज उरत नाही. प्लेस्टेशन स्टोअरवर अट कडक आहे: गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की साधारणतः परतीचा हक्क संपतो. तिथे चुकीच्या खरेदीचा धोका पूर्ण तुमच्यावर असतो. म्हणून कन्सोलवर लायब्ररीचा एक फायदा असा, की दोन तासांत नावडलेला गेम फुकट गेला असे वाटत नाही. वर्षाला दोन-तीन गेम घेऊन अर्धवट टाकण्याची सवय असेल, तर ते पैसे विकत घेण्याच्या बाजूला खर्च म्हणून मांडा. आपण ते सहसा विसरतो.

पहिल्या दिवशी हवे असेल तर

मायक्रोसॉफ्टने २०१८ पासून स्वतःचे नवे गेम पहिल्या दिवशीच गेम पासमध्ये द्यायला सुरुवात केली. सोनी स्वतःचे मोठे गेम असे देत नाही. ते वर्ष-दोन वर्षांनी लायब्ररीत येतात. हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दिवशीच्या गेमची तुलना पूर्ण किमतीशी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ६’ पहिल्या दिवसापासून गेम पासमध्ये होता. एप्रिल २०२५ मधला ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ हा बाहेरच्या कंपनीचा गेमही तसाच आला. ज्याने हे गेम त्या आठवड्यातच विकत घेतले असते, त्याच्यासाठी महिन्याची वर्गणी सरळ फायद्याची होती.

पण ही वर्गणी स्थिर नाही. अमेरिकेत गेम पास अल्टिमेटचा महिन्याचा दर २०१९ मध्ये १४.९९ डॉलर होता. २०२३ मध्ये तो १६.९९ झाला, २०२४ मध्ये १९.९९, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम २९.९९. भारतातही त्या वेळी अल्टिमेट ८२९ रुपयांवरून १,३८९ वर गेला. वर्षाच्या भाषेत ९,९४८ चे १६,६६८ झाले. पाच हजारांच्या आसपास किमतीचे नवे गेम धरले, तर आधी वर्षात दोन गेम पहिल्या दिवशी घेणाऱ्याला अल्टिमेट परवडत होता. त्या वाढीनंतर तीन घेऊनही पुरेनात, चौथा लागला. लायब्ररी तीच, सवय तीच. दर बदलल्यावर निकाल बदलला.

खरेदी आणि वर्गणी यांतला हा मूलभूत फरक आहे. विकत घेतलेल्या गेमची किंमत त्या दिवशी ठरते आणि तिथेच थांबते. वर्गणीची किंमत दरवर्षी नव्याने ठरते आणि ती ठरवणारी बाजू तुमची नसते. म्हणून ‘गेल्या वर्षी परवडले’ हे पुढच्या वर्षासाठी कारण होऊ शकत नाही. स्तरांची नावे आणि त्यात मिळणाऱ्या गोष्टीही बदलतात. पहिल्या दिवशीचे गेम हवे म्हणून तुम्ही वर्गणी भरत असाल, तर आपण घेतलेल्या स्तरात ते खरोखर मिळतात का, हे आधी पाहा. ऑक्टोबर २०२५ च्या रचनेत अल्टिमेटखालच्या प्रीमियम स्तरात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम वर्षभराच्या आत येतील असे ठरले, आणि त्यातूनही कॉल ऑफ ड्यूटी वगळले गेले.

लायब्ररीतून निघून जाणारे गेम

लायब्ररीतल्या गेमांचा मुक्काम करारापुरता असतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मे २०२० मध्ये गेम पासमध्ये आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. चार महिने. पन्नास तासांचा हा गेम आठवड्याला दोन तास खेळणाऱ्याला सुमारे सहा महिने लागले असते. त्याला शेवट पाहण्यासाठी गेम विकत घ्यावा लागला असता, म्हणजे वर्गणी आणि किंमत दोन्ही. ‘जीटीए ५’ तर गेम पासमध्ये कितीदा तरी आला आणि गेला. कंपनीचे स्वतःचे गेमही याला अपवाद नाहीत: सोनीचाच ‘होरायझन झीरो डॉन’ मे २०२४ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या लायब्ररीतून निघाला.

गेम जाण्याआधी सूचना मिळते. गेम पासमध्ये `Leaving Soon` आणि प्लेस्टेशनवर `Last Chance to Play` या नावाखाली यादी दिसते; पण ही सूचना काही आठवड्यांचीच असते. म्हणून लांबलचक गेम लायब्ररीतून सुरू करताना स्वतःला विचारायचे: माझ्या वेगाने हा किती महिन्यांत संपेल? उत्तर तीन-चार महिन्यांच्या पुढे जात असेल आणि गेम बाहेरच्या कंपनीचा असेल, तर सेलमध्ये विकत घेणेच सुरक्षित.

याच ठिकाणी आणखी एक खर्च लपलेला असतो. लायब्ररीतला मूळ गेम खेळताना त्याचा पुढचा भाग किंवा जोडभाग वेगळे पैसे देऊन घेण्याचा मोह होतो. मूळ गेम लायब्ररीतून गेला किंवा वर्गणी थांबली, की तो जोडभाग तुमच्या नावावर असूनही चालत नाही. आधी मूळ गेम विकत घ्यावा लागतो. ज्या गेमचे जोडभाग घ्यावेसे वाटतात तो तुम्हाला खरोखर आवडला आहे, असा त्याचा अर्थ. तो गेम विकत घ्या. खेळाची साठवलेली प्रगती यंत्रावर राहते, त्यामुळे लायब्ररीत सुरू केलेला गेम नंतर विकत घेतला तरी बहुधा तिथूनच पुढे खेळता येतो.

काही गेम लायब्ररीत येण्याची वाट पाहणेही व्यर्थ असते. ‘बाल्डर्स गेट ३’ च्या निर्मात्यांनी तो गेम पासमध्ये येणार नाही हे स्पष्टच सांगितले होते, आणि २,९९९ रुपयांचा हा गेम स्टीमवर मोठ्या सवलतीतही फारसा आला नाही. असे गेम हवे असतील तर घ्यायचे आणि खेळायचे.

विकत घेतलेले तरी कायमचे आहे का?

विकत घेण्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा मालकीचा सांगितला जातो. तो बराच खरा आहे, पूर्ण नाही. डिजिटल खरेदीत आपल्याला मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून डिजिटल दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले, आणि त्या सुमारास स्टीमने पैसे भरण्याच्या पानावरच तशी सूचना लावली. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या कार रेसिंगच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला हा गेम एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही बंद पडला, कारण तो सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. यातूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली.

याचा खरेदीच्या हिशेबावर थेट परिणाम होतो. जो गेम सतत इंटरनेट मागतो, त्याची मालकी सर्व्हर चालू असेपर्यंतची आहे. त्याच्यासाठी ‘आयुष्यभर राहील’ म्हणून पूर्ण किंमत मोजू नये. इंटरनेटशिवाय चालणारा कथेचा गेम, डिस्क, किंवा जीओजीसारख्या दुकानातला कोणत्याही कुलपाविना मिळणारा गेम यांची मालकी जास्त टिकाऊ. मुलांना एकच गेम पुन्हा पुन्हा खेळायला आवडतो. अशा घरात टिकाऊ खरेदीची किंमत वर्षागणिक कमी होत जाते, तर वर्गणी दरवर्षी नव्याने द्यावी लागते. पाच वर्षे एक्स्ट्राची वर्गणी म्हणजे जुन्याच दराने ३३,४९५ रुपये. सेलमधले तेरा गेम तेवढ्यात येतात आणि सहाव्या वर्षीही ते घरात असतात.

ठरवायचे कसे?

कागदावर येत्या वर्षात खरोखर खेळायच्या गेमांची यादी करा. प्रत्येकापुढे तुम्ही तो कोणत्या किमतीला घेतला असता ते लिहा. मग लायब्ररीत आज असलेल्या गेमांवर खूण करा. खुणा केलेल्या गेमांच्या किमतींची बेरीज वर्गणीपेक्षा जास्त असेल तर लायब्ररी घ्या. कमी असेल तर विकत घ्या. ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी भरतच असाल, तर तुलना पूर्ण वर्गणीशी न करता फक्त वरच्या स्तराच्या फरकाशी करा.

लायब्ररी घेणार असाल तर खुणा केलेले गेम एका सलग काळात लावा, तेवढ्याच महिन्यांची वर्गणी भरा, आणि पैसे भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निदान चोवीस तास आधी सूचना येते. तो मेसेज न वाचता बाजूला सारू नका. विसरलेल्या वर्गणीचे तीन महिने म्हणजे सेलमधला जवळजवळ एक गेम.

एकच गेम वर्षभर खेळणारा, शंभर तासांचे गेम संथपणे खेळणारा, डिस्क घेऊन विकणारा आणि स्टीमच्या सेलची वाट पाहणारा, या चौघांचा पैसा विकत घेण्यात वाचतो. छोटे गेम भराभर संपवणारा, पहिल्या दिवशी तीन-चार मोठे गेम खेळणारा, ऑनलाइनसाठी वर्गणी भरतच असलेला, आणि दोन-तीन मुले एकाच कन्सोलवर वेगवेगळे गेम चाखून पाहतात असे घर, यांचा लायब्ररीत. बहुतेक जण या दोन गटांच्या मधे कुठेतरी असतात. त्यांच्यासाठी वर्षातले तीन-चार महिने लायब्ररी आणि बाकीचे महिने विकत घेतलेले गेम, ही विभागणी सर्वांत कमी खर्चाची ठरते.